उत्तर द्या, पण आधी फाइल दुरुस्त करा

पत्र

माझी पहिली कादंबरी मी स्वतःच प्रकाशित केली, ई-पुस्तक आणि छापील अशा दोन्ही रूपांत. परवा एका वाचकाने दोन तारे देऊन लिहिलं: ‘ई-पुस्तकात दुसऱ्याचं दुसर्या, पायऱ्यांचं पायर्या, सगळीकडे हेच. लेखिकेने स्वतःचं पुस्तक एकदा तरी वाचलंय का? नायिकेची आई अकरा वर्षांपूर्वी वारली, मग आठ वर्षांच्या नातीला तिने मांडीवर कधी घेतलं? मधली शंभर पानं नुसतं पाल्हाळ. शेवटी बाई घर का सोडते याचा पत्ता नाही. पाच तारे देणारे बहुधा घरचेच.’

रात्रभर झोप लागली नाही. मला सगळ्यांसमोर पण सभ्यपणे उत्तर द्यायचं आहे. मसुदा आणि संबंधित प्रकरणं सोबत जोडली आहेत. भाऊ म्हणतो, तू यात पडू नकोस, मीच एक वाचक म्हणून खाली लिहितो. काय करू?

— एक नवी लेखिका

उत्तर

नमस्कार.

तुमच्या भावाला आधी थांबवा, बाकीचं सावकाश बोलू. परीक्षण लिहिणाऱ्याने शेवटच्या वाक्यात जो संशय घेतला आहे, तो भाऊ स्वतःच्या हाताने खरा करून दाखवेल. आडनाव वेगळं असलं तरी नवं खातं, आयुष्यातला पहिलाच अभिप्राय आणि तोही दुसऱ्याच्या अभिप्रायावर तुटून पडणारा, हे सराईत वाचकाला लगेच कळतं. त्याच ओघात एक विचारते. त्या पाच तारेवाल्यांत खरंच कुणी घरचं आहे का? असेल तर त्यांना त्यांचे अभिप्राय काढून घ्यायला सांगा. ॲमेझॉनच्या नियमांत लेखकाच्या नातेवाइकांनी आणि जवळच्या मित्रांनी अभिप्राय देणं बसत नाही. उद्या कुणी तक्रार केली तर ते उडतील आणि त्याचा गवगवाही होईल. हे काम मुकाट्याने करायचं, त्याबद्दल कुठे अक्षर लिहायचं नाही.

आता मूळ प्रश्न. मी नेहमी लेखकांना सांगते, परीक्षणाला उत्तर देऊ नका. गुडरीड्ससारखी वाचकांची जागासुद्धा लेखकांना हेच सांगते, की वाईट अभिप्रायाच्या वाटेला जाऊ नका. तिथे येणारी माणसं एकमेकांशी पुस्तकाबद्दल बोलायला आलेली असतात. गप्पांत लेखक येऊन बसला की सगळे सावध होतात, मग तो कितीही गोड बोलो. तरीही तुमच्या बाबतीत मी ‘उत्तर द्या’ म्हणते आहे, आणि त्याचं कारण एकच: तुमच्याकडे सांगण्यासारखी एक खबर असू शकते. ‘असू शकते’ म्हणते, कारण ती अजून तयार झालेली नाही. तुमच्या पुस्तकात एक ठळक दोष आहे, तो पुढच्या प्रत्येक खरेदीदाराला सोसावा लागणार आहे आणि तो दुरुस्त होण्यासारखा आहे. तो दुरुस्त झाला की ‘झाला’ एवढं सांगायला लेखकाने पुढे यावं. ते सांगायचं परीक्षण लिहिणाऱ्याला नाही. घ्यावं की न घ्यावं अशा विचाराने जो ते परीक्षण वाचतो आहे, त्याला सांगायचं. तो माणूस डोळ्यांपुढे ठेवलात तर मसुद्यातलं निम्मं आपोआप गळून पडेल.

परीक्षण कागदावर उतरवून घ्या आणि प्रत्येक वाक्यासमोर लिहा, हे तपासता येतं की नाही. तुमच्या बाबतीत दोनच गोष्टी तपासता येतात, मोडलेली जोडाक्षरं आणि आईचं मरण. पाल्हाळ ही त्याची आवड आहे, तिच्यावर उत्तर नसतं. घरच्यांचा टोमणा आणि ‘एकदा तरी वाचलंय का’ हे तुमच्यावर आहे, पुस्तकावर नाही. त्यालाही उत्तर नाही.

राहतं शेवटाचं. ते सगळ्यात फसवं आहे. नायिका घर का सोडते हे तुम्ही सत्ताविसाव्या प्रकरणात लिहिलेलं आहे, मी वाचलं. म्हणजे परीक्षण लिहिणारा इथे चुकला आहे, आणि तुमच्या मसुद्याचा सगळ्यात लांब परिच्छेद नेमका इथेच आहे. तो संपूर्ण काढा. कारण तो चुकला हे दाखवून दिलंत तर वाचणाऱ्यांच्या लक्षात एवढंच राहतं की लेखिकेने वाचकाची चूक काढली. वरून शेवट फुटतो, आणि ज्याने पुस्तक घेतलेलं नाही त्याच्यासमोर फुटतो. शिवाय ते कारण तुम्ही एका संवादाच्या अर्ध्या ओळीत टाकलं आहे, ‘किल्ली आता तुमच्याकडेच ठेवा’ एवढंच. मला ते आवडलं. पण पहाटे दोनला वाचणाऱ्याच्या हातून ते निसटू शकतं, आणि निसटलं तर तो खोटं बोलत नाही. आणखी तीन-चार जणांनी तेच म्हटलं तर पुढच्या आवृत्तीत विचार करा. एकट्याच्या म्हणण्यावरून शेवटाला हात लावू नका.

दुरुस्तीकडे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण उत्तराची सगळी भिस्त तिच्यावर आहे.

तुम्ही मसुद्यात लिहिलंत, ‘माझ्या फाइलमध्ये सर्व शब्द अचूक आहेत, कदाचित आपल्या मोबाइलचा दोष असावा.’ पहिला भाग खरा असेल. दुसरा लिहू नका, कारण तो बहुतेक खोटा आहे. घडतं ते असं. पायऱ्या, साऱ्या, कोपऱ्यात यांतला र अर्धा असून चंद्रकोरीसारखा आडवा बसतो. तो टाइप करण्याच्या दोन रीती आहेत. एकीत ऱ हे वेगळं अक्षर असतं, त्याचा पाय मोडून पुढे य येतो. दुसरीत साधाच र असतो, त्याचा पाय मोडलेला असतो आणि त्याच्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. ते चिन्ह आहे तोवर पडद्यावर ऱ्य बरोबर दिसतो. फाइल एका रूपातून दुसऱ्या रूपात जाताना ते चिन्ह कुठे गळालं, की उरतो साधा र आणि य, आणि त्यांचा रफार होतो. पायर्या. तुमच्या लिहिण्याच्या फाइलमध्ये चिन्ह शाबूत आहे, छपाईच्या फाइलमध्ये पानं जशी दिसली तशीच गोठवली गेली म्हणून छापील प्रतही ठीक आहे. ई-पुस्तक बनवताना ते गळालं आणि नेमकं तेच तुम्ही उघडून पाहिलं नाहीत. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणतानाही असे अपघात होतात. पण तुमच्याकडे ऱ्हचीही तीच गत झाली आहे. तऱ्हा, कुऱ्हाड, गिऱ्हाईक सगळ्यांवर रफार चढला आहे आणि बाकीची जोडाक्षरं मात्र धडधाकट आहेत. म्हणून माझा संशय त्या जोडचिन्हावर आहे.

पडताळून बघायचं असेल तर ई-पुस्तक स्वतः उतरवून घ्या. लिहिण्याच्या फाइलमधला ‘पायऱ्या’ शब्द उचलून ई-पुस्तकाच्या शोधात टाका. समोरच्या पानावर शब्द असूनही सापडला नाही, तर दोन्हीकडची अक्षरं वेगळी आहेत.

दुरुस्ती मूळ फाइलमध्ये करा, म्हणजे पुढच्या वेळी हे पुन्हा होणार नाही. त्या चिन्हाच्या भरवशावर असलेला प्रत्येक र काढून तिथे ऱ हे अक्षर घाला. मूळ फाइलमध्ये चिन्ह अजून जागेवर आहे, त्यामुळे ते शोधून बदलणं सोपं आहे. ई-पुस्तकाच्या फाइलवर मात्र ‘सगळे र्य शोधा आणि ऱ्य करा’ हा शहाणपणा करायला जाऊ नका. सूर्य, धैर्य, मर्यादा, आश्चर्य, पर्याय हे सगळे त्यात भरडले जातील आणि आज एक चूक आहे तिथे उद्या उलटी चूक असेल. काही शब्द तर दोन्ही बाजूंनी बरोबर असतात. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरातल्या. आचार्यांना नमस्कार करतात आणि आचाऱ्यांना स्वयंपाकाचं सांगतात. तुमच्या अकराव्या प्रकरणात ‘खाली नुसत्या दर्या पसरल्या होत्या’ असं आलं आहे. तिथे ‘पसरल्या’वरून माणसाला कळतं, यंत्राला कळणार नाही. असे शब्द एकेक करून डोळ्यांखालून घाला. कंटाळवाणं काम आहे, दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतलंत तर जास्त बरं.

आता आईचं. चूक खरी आहे. तुमच्या मनात पहिला उपाय आला असेल, ‘अकरा’ खोडून ‘सात’ लिहायचं. करू नका. बाविसाव्या प्रकरणात भाऊ ‘दहा वर्षांनी’ परत येतो, आणि चौथ्यात म्हटलंय की तो आई गेल्यावर वर्षभराने निघून गेला. अकराचे सात केलेत तर भाऊ आईच्या आधी तीन वर्षं गेला असं होईल, आणि मग तिच्या उशाशी बसून त्याने जे वचन दिलं ते दिलं कुणी? घाईतल्या दुरुस्त्यांत हेच होतं, एक गाठ सोडवताना दुसरी बसते. एका कागदावर सगळ्या पात्रांची वयं आणि घटना मांडा, कादंबरीचा आजचा दिवस शून्य धरून मागे मोजत जा. आई गेली अकरा वर्षांपूर्वी. भाऊ गेला दहा वर्षांपूर्वी. लेक जन्मली आठ वर्षांपूर्वी. भावाचा मुलगा दुसऱ्या प्रकरणात तेरा वर्षांचा आहे, म्हणजे आजीच्या मृत्यूच्या वेळी तो दोन वर्षांचा.

इथेच तुमची सुटका आहे. एकोणिसाव्या प्रकरणातलं आईच्या मांडीवरचं बाळ लेकीऐवजी भाचा करा. सहा-सात ओळी बदलतील आणि बाकी कुठेही धक्का लागणार नाही. खिडकीपाशी बसून लेकीचं झबलं घडी करताना नायिकेला आईच्या मांडीवरचा भाचा आठवतो आणि आपल्या लेकीला आईने पाहिलंच नाही हे ध्यानात येतं, असं केलंत तर मला वाटतं प्रसंगही आतापेक्षा चांगला होईल. हा माझा आगाऊपणा समजा. आकड्यांचं मात्र तपासून घेतलं आहे.

फाइल चढवल्यावर लगेच उत्तर लिहायला बसू नका. किंडलवर बदललेली फाइल तपासून विक्रीला यायला 72 तासांपर्यंत वेळ लागू शकतो. ज्यांनी आधीच विकत घेतलं आहे त्यांच्या यंत्रात ती आपोआप जाईलच असंही नाही. त्यासाठी लेखकाला वेगळी विनंती करावी लागते, काय काय दुरुस्त केलं याची उदाहरणं द्यावी लागतात, आणि तिचा निकाल लागायला आठवडे जाऊ शकतात. म्हणून ‘सर्व वाचकांना नवी प्रत मिळाली आहे’ असं चुकूनही लिहू नका. नवी फाइल विक्रीला आली की स्वतः उतरवा, फोनवर आणि मोठ्या पडद्यावर दोन्हीकडे, आणि पायऱ्या, दऱ्या, सूर्य हे तीन शब्द बघा. तिन्ही जागेवर असतील तर पुढे चला. छापून झालेल्या प्रतींत वर्षांचा घोळ राहणारच. त्यांच्यासाठी एका पानाचं शुद्धिपत्र करून ठेवा, त्यात एकोणिसाव्या प्रकरणातला बदललेला मजकूर पूर्ण द्या. मागणीनुसार छापणाऱ्या सेवेतून पुस्तक निघत असेल तर छपाईची फाइलही बदला, पुढच्या प्रती दुरुस्त निघतील.

हे सगळं फार झालं असं वाटत असेल तर 2011 सालच्या एका प्रकरणाची आठवण करून देते. एका स्व-प्रकाशित इंग्रजी कादंबरीचं परीक्षण आलं. कथेबद्दल परीक्षकाने बरंच लिहिलं होतं, तक्रार होती ती शुद्धलेखनाची आणि व्याकरणाची. लेखिकेने खाली उत्तर लिहिलं, की तुम्ही चुकीची प्रत उतरवलीत, आणि दुसरीकडे मिळालेल्या चांगल्या अभिप्रायांचे उतारे तिथे आणून चिकटवले. लोक समजावू लागले तशी ती चिडत गेली आणि शेवटी शिवीवर आली. बघता बघता शेकड्यांनी प्रतिक्रिया जमल्या, आणि ज्यांनी पुस्तक उघडलंही नव्हतं त्यांनी विक्रीच्या पानावर जाऊन एकेक तारा ठेवला. तिची दुरुस्त प्रत कदाचित खरंच तयार होती. ती वाचायला कुणी थांबलं नाही.

आता तुमचा मसुदा घेऊ. सभ्य आहे यात शंका नाही, एकही शब्द वावगा नाही. पण सभ्य भाषेतही माणूस भांडू शकतो आणि तुम्ही भांडला आहात.

‘आपल्या मताचा मी आदर करते, परंतु’ अशी सुरुवात आहे. ‘परंतु’ आला की वाचणारा पुढचं वाचतो आणि आदर विसरतो. उत्तरात पण, परंतु, मात्र, तथापि यांपैकी काही आलं असेल तर ते वाक्य बचावाचं आहे असं समजून काढा. ‘आपल्याला त्रास झाला असल्यास दिलगीर आहे’ ही पुढाऱ्यांची दिलगिरी आहे, भावना दुखावल्या असल्यास वगैरे. त्रास झाला आहे, त्याने लिहूनच दिलं आहे, तेव्हा ‘असल्यास’ कशाला? ‘नोकरी सांभाळून, रात्री जागून, कुणाच्याही मदतीविना मी हे पुस्तक उभं केलं’ हे वाचून मला तुमच्याबद्दल आपुलकी वाटली, पण अनोळखी वाचकाला ते सूट मागितल्यासारखं वाटतं. त्याने जे विकत घेतलं ते तयार पुस्तक होतं. ‘अनेक मान्यवरांनी कौतुक केलं आहे’ हे तर नकोच.

शेवटी तुम्ही त्याला पुढचं पुस्तक भेट द्यायची तयारी दाखवली आहे आणि ‘सुधारित प्रत वाचून ताऱ्यांचा पुनर्विचार करावा’ अशी विनंती केली आहे. मनात काही नसेल हे मी जाणते, पण दोन्ही एकत्र आलं की तो सौदा दिसतो. अभिप्राय बदलण्यासाठी काहीही देऊ करणं ॲमेझॉनच्या नियमांविरुद्धही आहे. तारे त्याचे आहेत, राहू द्या.

हे सगळं काढल्यावर जे उरतं ते मी असं लिहीन:

‘नमस्कार, मी या कादंबरीची लेखिका. ई-पुस्तकातली मोडलेली जोडाक्षरं आणि आईच्या मृत्यूच्या वर्षांचा घोळ, या तुम्ही दाखवलेल्या दोन्ही चुका खऱ्या आहेत. वाचताना त्यांचा त्रास झाला याबद्दल क्षमस्व. दोन्ही दुरुस्त केलेली प्रत आता विक्रीला आहे. जुनी प्रत असलेल्यांसाठी आणि छापील प्रतीसाठी शुद्धिपत्र माझ्या लेखक-पानावर ठेवलं आहे. इतक्या बारकाईने वाचून लिहिलंत, त्यामुळेच हे लक्षात आलं. आभार.’

एवढंच. यात पाल्हाळ नाही, शेवट नाही, पाच तारे नाहीत. त्याने सहा गोष्टी म्हटल्या आणि तुम्ही दोनच उचलल्या हे कुणाच्या लक्षात येणार नाही, आणि आलंच तर त्याला वाटेल की बाईंनी मतावर वाद घातला नाही. ‘क्षमस्व’ एकदाच आहे आणि ते दोन चुकांपुरतं आहे. कादंबरीबद्दल क्षमा मागायची नाही, ती तुम्ही लिहिलीत ती तशीच लिहायची होती. ‘त्यामुळेच लक्षात आलं’ हे वाक्य खरं आहे म्हणून ठेवलं. याआधी कुणी तुम्हाला कळवलं असेल आणि तुम्ही सोडून दिलं असेल, तर ते काढा.

‘तुम्ही’ ठेवलं आहे, तुमच्या मसुद्यातलं ‘आपण’ बदललं आहे. भांडण असतं तिथे ‘आपण’ फार टोचतं. ‘आपण स्वतःला जाणकार समजता’ या चालीवर ते कानात वाजतं, लिहिणाऱ्याच्या मनात तसं नसलं तरी.

हे टाकायचं कुठे? परीक्षणाखाली लिहायची सोय असेल तर तिथे, एकदाच. ॲमेझॉनवर अभिप्रायाखाली टिप्पणी करायची सोय 2020 च्या शेवटी काढून टाकली, तेव्हा परीक्षण तिथे असेल तर हा प्रश्नच नाही. मग दोन ठिकाणी ठेवा. पुस्तकाच्या वर्णनाच्या शेवटी एक ओळ, ‘या आवृत्तीत टंकनदोष आणि एक कालविसंगती दुरुस्त केली आहे’, आणि तुमच्या लेखक-पानावर शुद्धिपत्रासह जरा सविस्तर नोंद. त्या नोंदीत परीक्षणाचा दुवा देऊ नका, ‘एका वाचकाने दाखवून दिलं’ पुरे. दुवा दिलात की तुमचे चाहते तिकडे जाणार, आणि तुमच्या नावाने दुसऱ्याच्या अंगावर धावणार. स्वतःच पाच ताऱ्यांचा अभिप्राय लिहून त्यात उत्तर घुसवणं हा प्रकार मी पाहिला आहे. तो करू नका.

नंतर काय होईल? बहुतेक वेळा काहीच होत नाही. परीक्षण लिहिणारा उत्तर देत नाही, तारे दोनच राहतात, आणि ते ठीक आहे. कधी तो चिडून लिहितो, ‘म्हणजे आधी चुकीचं पुस्तक विकलंत, हे कबूल केलंत.’ त्यावर गप्प राहायचं. तुमचं उत्तर वर आहे, वाचणाऱ्याला दोन्ही दिसतं. त्याने एखादी नवी, तपासता येणारी चूक दाखवली तरच पुन्हा लिहायचं, तेही ती दुरुस्त केल्यावर. आणि कुणी तुमच्या बाजूने येऊन त्याला टोचू लागलं, ‘स्वतः लिहून दाखवा’ वगैरे, तर मात्र लगेच एक ओळ टाका: ‘त्यांची तक्रार रास्त होती, कृपया राहू द्या.’ ओळखीचे असतील तर फोन करून ती प्रतिक्रिया काढायला सांगा.

त्याच्या नावाने शोधाशोध करू नका. तो काय करतो, त्याने आणखी कुणाला दोन तारे दिलेत, तो स्वतः लिहितो का, हे रात्री शोधत बसण्याचा मोह होतो. त्यातून जे मिळतं ते पुढे कधीतरी बोलण्यात निसटतं, आणि मग टीका करणाऱ्याच्या मागे लागणारी लेखिका असं नाव पडतं.

त्याने चोरीचा आरोप केला असता, किंवा तुमचा पत्ता वगैरे खासगी माहिती टाकली असती, तर माझा सल्ला अगदी वेगळा झाला असता. तेव्हा उत्तर न देता पडद्याचं चित्र जपून ठेवायचं आणि त्या संकेतस्थळाकडे तक्रार करायची. तिखट बोलणं त्यात मोडत नाही. ‘एकदा तरी वाचलंय का’ हे झोंबणारं आहे, पण नियम मोडणारं नाही. अपशब्द म्हणून त्याची तक्रार करायला जाऊ नका, ती टिकणार नाही.

दुरुस्तीचा उपयोग झाला की नाही हे त्याच्या ताऱ्यांवरून कळणार नाही. पुढचे पाच-सहा अभिप्राय येतील ते बघा. त्यांत जोडाक्षरांचा उल्लेख बंद झाला असेल तर काम झालं. एखाद्याने पुन्हा तेच लिहिलं तर त्याच्याकडे जुनी प्रत आहे की नवी फाइल पुन्हा बिघडली आहे, हे आधी तपासा. जुनी प्रत असेल तर तुमच्या लेखक-पानावरची नोंद पुरेशी आहे. तोच मजकूर त्याच्याही अभिप्रायाखाली नेऊन चिकटवू नका.